गोवराची शंका आली की: वही, खोली आणि दिवसांचा हिशेब

सगळ्यात आधी एक तारीख लिहून ठेवा: पुरळ पहिल्यांदा दिसलं तो दिवस. मूल तापाने फणफणलेलं असताना वही काढायला सांगणं विचित्र वाटेल, पण पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या एका तारखेवरून निघतात. मुलाला किती दिवस वेगळं ठेवायचं, घरातल्या तान्ह्या बाळासाठी किती तास हातात आहेत, ताप कधी उतरायला हवा, हे सगळं तिच्यावरून मोजतात. डॉक्टरही पहिल्यांदा तेच विचारतात आणि तेव्हा घरात कुणी "बुधवारी बहुतेक" म्हणतं, तर कुणी "नाही, गुरुवारी".

हा हिशेब कसा चालतो ते एका उदाहरणावरून बघू. समजा मुलगी चार वर्षांची आहे, वजन १५ किलो, आणि तिचा भाऊ आठ महिन्यांचा. तिला सोमवारी ताप आला. नाक वाहतंय, कोरडा खोकला आहे, डोळे लाल होऊन पाणावलेत, आणि उजेड नको म्हणून ती उशीत तोंड खुपसतेय. मंगळवारी, बुधवारी ताप वाढत गेला. गुरुवारी सकाळी कानामागे आणि केसांच्या कडेला चपटे लालसर डाग दिसले. संध्याकाळपर्यंत चेहरा भरला, शुक्रवारी छाती-पोट, शनिवारी हात-पाय.

हा क्रम ओळखीची मोठी खूण आहे. आधी दोन ते चार दिवस ताप, खोकला, सर्दी आणि लाल डोळे, मग पुरळ, आणि तेही वरून खाली उतरत जाणारं. डाग एकमेकांत मिसळत जातात. कांजिण्यांमध्ये पाण्याने भरलेले फोड येतात, तसं इथे होत नाही. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली उठून दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, कपाळावरून आणि मानेवरून बोटं फिरवा. त्वचा खरखरीत लागते.

बुधवारी, म्हणजे पुरळ येण्याच्या आदल्या दिवशी, टॉर्च लावून गालाच्या आतून दाढांच्या समोर पाहिलं असतं, तर कदाचित लाल पृष्ठभागावर मिठाच्या कणांसारखे पांढरट ठिपके दिसले असते. यांना कोपलिकचे ठिपके म्हणतात. ते दिसले तर गोवर जवळजवळ नक्की. पण ते दोन-तीन दिवसांतच विरतात, त्यामुळे दिसले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका.

एक गफलत वारंवार होते, म्हणून इथे थांबून सांगतो. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलाला एखादं अँटिबायोटिक सुरू केलेलं असतं, आणि पुरळ आलं की सगळे म्हणतात, "औषधाची ॲलर्जी झाली." मग ॲलर्जीचं औषध घेऊन मूल चार लोकांत वावरत राहतं. म्हणून वहीत तापाची तारीख, पुरळाची तारीख, दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि वेळ, गोवराच्या लसीचे किती डोस कधी झाले, आणि गेल्या तीन आठवड्यांत ताप-पुरळ असलेलं कुणी भेटलं होतं का, एवढं लिहा. लसीकरणाचं कार्ड वहीतच ठेवा. आणखी एक तपासणी घरीच करा: काचेच्या पेल्याची बाजू डागांवर दाबून धरा. गोवराचे ताजे डाग दाबल्यावर फिकट होतात. दाबूनही तसेच राहणारे लाल-जांभळे ठिपके आणि सोबत गुंगलेलं मूल असेल, तर तो दुसराच, तातडीचा आजार असू शकतो. अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयात जा.

डॉक्टरांकडे निघण्याआधी फोन करा. या फोनइतकं महत्त्वाचं काम त्या सकाळी दुसरं नसतं. गोवराचा विषाणू हवेतून पसरतो, आणि मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. लस न झालेले दहा जण त्या मुलाच्या सहवासात आले, तर साधारण नऊ जणांना लागण होते. प्रतीक्षाकक्षात तेव्हा तान्ही बाळं आणि गरोदर बाया बसलेल्या असतात. "गोवर वाटतोय, कधी आणि कुठल्या दाराने येऊ?" एवढंच विचारा. दवाखाने बहुधा शेवटची वेळ देतात किंवा बाहेरच तपासतात. मूल दोन वर्षांपेक्षा मोठं असेल आणि सहन होत असेल, तर जाता-येता मास्क लावा.

आता तारखेचा हिशेब. पुरळ दिसलं तो दिवस शून्य धरायचा. त्याआधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस मूल संसर्ग पसरवतं. आपल्या उदाहरणात गुरुवार शून्य, म्हणून ती मागच्या रविवारपासून, म्हणजे ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच, संसर्ग पसरवत होती. पुढे शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन, सोमवार चार. मंगळवारपासून तिला बाहेर काढायला हरकत नाही, अंगात त्राण असेल तर.

याच हिशेबात भावाची गोष्ट दडलेली आहे. लागण होऊ शकेल असा संबंध आल्यापासून ७२ तासांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. भावाचा संबंध रविवारी आला, ७२ तास बुधवारी संपले, आणि पुरळ दिसलं गुरुवारी. घरातल्या भावंडांच्या बाबतीत बहुधा असंच होतं. पण दुसरा मार्ग उरतो: इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. ते पहिल्या संबंधापासून सहा दिवसांत द्यावं लागतं, म्हणजे त्याच्यासाठी शनिवारपर्यंत. उलट बुधवारी खेळायला आलेल्या, लस न झालेल्या शेजारच्या मुलाला शनिवारपर्यंत लस चालू शकते. म्हणून गुरुवारीच बसून रविवारपासून घरात कोण कोण आलं, मुलगी कुठे गेली होती, याची यादी करा आणि त्यांना त्याच दिवशी कळवा. बाळं, गरोदर बाया, आणि कॅन्सरचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारी माणसं यांना सगळ्यात आधी. संकोच वाटतो, मला कल्पना आहे. तरी कळवा.

खोली निवडताना खिडकी बाहेर उघडणारी हवी आणि दार घराच्या बाजूने बंद ठेवता यायला हवं. वेगळी खोली नसेल तर निदान बाळाला दुसरीकडे झोपवा आणि हवा खेळती ठेवा. शुश्रूषा शक्यतो एकाच माणसाने करावी, ज्याला पूर्वी गोवर होऊन गेलाय किंवा ज्याचे लसीचे दोन्ही डोस झालेत. उजेड डोळ्यांना टोचतो म्हणून पडदे ओढा, पण खोली कोंदट करू नका.

औषधांच्या तयारीत थर्मामीटर, पॅरासिटामॉल आणि जलसंजीवनीची पाकिटं पुरेशी आहेत. पॅरासिटामॉल वजनावर मोजतात: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. १५ किलोच्या मुलीला हे १५० ते २२५ मिलिग्रॅम होतं. घोळ होतो तो बाटलीत. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. पहिलीतून तिला ६ ते ९ मिलिलिटर लागेल, दुसरीतून फक्त ३ ते साडेचार. "एक चमचा" असं कुणालाही सांगू नका, लेबलवरचा आकडा वाचून मापाच्या सिरिंजने द्या. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही, त्यातून यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, ते कानात किंवा फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला तरच लागतं.

व्हिटॅमिन ए मात्र डॉक्टरांकडे आठवणीने विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार गोवर झालेल्या मुलाला ते सलग दोन दिवस देतात: वर्षावरच्या मुलाला दर दिवशी २,००,००० युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १,००,०००, त्याहून लहानाला ५०,०००. गोवर शरीरातला साठा झपाट्याने संपवतो, आणि त्याची झळ डोळ्यांना बसते. पण ही मात्रा मोठी असते, जास्त झाली तर अपाय करते, त्यामुळे आपल्या मनाने देऊ नका.

डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा, नाकाच्या बाजूने बाहेर, आणि प्रत्येक डोळ्याला नवा बोळा घ्या. कुठलाही रस, दूध किंवा घरात पडून असलेले थेंब डोळ्यांत घालू नका, विशेषतः स्टिरॉइडचे. तोंड आतून सोललेलं असतं, म्हणून मूल खात नाही. त्याला जेवणाचा आग्रह नको, दर थोड्या वेळाने दोन-चार घोट पाणी किंवा जलसंजीवनी द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध चालूच ठेवा. प्रत्येक लघवीची वेळ वहीत टिपा.

कधी घाबरायचं, हे आधीच ठरवून दारामागे लिहून ठेवा. मूल झोपलेलं किंवा शांत असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर न्यूमोनिया समजून निघा. श्वास आत घेताना घरघर येणं, सहा-आठ तास लघवी न होणं, रडताना अश्रू नसणं, बुबुळावर पांढुरकेपणा, झटका, उठवूनही नीट न उठणं, यातलं काहीही दिसलं की वाट पाहायची नाही. मेंदूला सूज हजारात साधारण एकाला येते, पण ती ओळखायला पहिली खूण असते ती गुंगी.

तापाची एक खूण सहज निसटते. पुरळ पसरत असताना ताप सगळ्यात जास्त असतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरायला लागतो. आपल्या मुलीचा ताप रविवार-सोमवारी उतरायला हवा. तो चढाच राहिला, किंवा उतरून पुन्हा चढला, तर बहुधा कानात किंवा छातीत दुसरं काही सुरू झालंय. पुरळ ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने तपकिरी होत विरतं, बारीक कोंडा सुटतो. खोकला आणखी आठ-दहा दिवस रेंगाळतो, त्याने एकट्याने घाबरू नका.

वहीचं शेवटचं पान भावासाठी ठेवा. बहिणीचा चौथा दिवस, सोमवार, हा त्याचा शेवटचा संबंध धरून पुढचे २१ दिवस मोजा. इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर २८, कारण त्याने आजार उशिरा डोकं वर काढतो. तेवढे दिवस रोज सकाळी त्याचा ताप बघा, आणि त्याला इतर बाळांत नेऊ नका.