कन्व्हर्जन प्लग लावण्याआधी वॉट बघा

इंडक्शन शेगडी आणली, तिच्या प्लगच्या पिना जाड आणि ओट्यावरचं सॉकेट बारीक भोकांचं. मग दुकानातून वीस-तीस रुपयांचा कन्व्हर्जन प्लग येतो आणि शेगडी चालू होते. खरा धोका इथंच आहे.

उपकरणाच्या मागच्या पट्टीवर वॉट लिहिलेले असतात. त्यांना घरातल्या २३० व्होल्टने भागा, म्हणजे अँपिअर मिळतात. शेगडी २००० वॉटची असेल तर जवळपास पावणेनऊ अँपिअर करंट ओढते. बारीक पिनांचं सॉकेट पाच अँपिअरचं, नवीन असेल तर सहाचं. म्हणजे साधारण ११०० वॉटपर्यंत. पंखा, टीव्ही, मोबाइलचा चार्जर, ७५० वॉटची इस्त्री किंवा मिक्सर तिथं खुशाल लावा. गिझर, एसी, मायक्रोवेव्ह, दीड हजार वॉटची किटली यांना जाड पिनांचं पंधरा-सोळा अँपिअरचंच सॉकेट हवं.

कन्व्हर्जन प्लग पिनांचा आकार बदलतो, भिंतीतली वायर तीच बारीक राहते. अर्ध्या तासानं बटण बंद करून प्लगला हात लावून बघा. चांगलाच गरम लागला, भोकांभोवती प्लास्टिक पिवळं-तपकिरी दिसलं किंवा जळका वास आला, तर ते सॉकेट वापरणं लगेच थांबवा.

नुसतं सॉकेट मोठं बसवूनही भागत नाही, हे वायरमनला आवर्जून सांगा. मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर (गिझरला सहसा ४ चौरस मिलिमीटरची), स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग घ्या.