नव्या डॉक्टरांसाठी जुन्या चिठ्ठ्यांवरून औषधांचा तारीखवार तक्ता कसा करावा

नव्या डॉक्टरांपुढे जाडजूड फाईल ठेवली की ते वरच्या दोन चिठ्ठ्या पाहतात आणि विचारतात, "सध्या काय चालू आहे?" कोणती गोळी कधी आणि कशासाठी सुरू झाली, कधी बदलली, हे त्या फाईलमधून चटकन कळत नाही. त्यासाठी एका पानाचा तक्ता लागतो.

आधी घरातले सगळे कागद एकत्र करा: चिठ्ठ्या, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड आणि मेडिकलची बिलं. बिलांवरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्यांचे फोटो लगेच काढून ठेवा. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपही टाकू नका. मग सगळे कागद तारखेप्रमाणे लावा. तारीख नसलेली चिठ्ठी अंदाजाने मध्ये घुसवू नका. तिच्यातलं औषध पहिल्यांदा कोणत्या बिलावर दिसतं ते शोधा आणि "या तारखेच्या आसपास, बिलावरून" असं लिहा.

आता वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने आखा: तारीख, औषधातला घटक आणि त्याचं प्रमाण, कसं घ्यायचं, कोणी दिलं, कशासाठी, आणि पुढे काय झालं. शेवटच्या रकान्यात चालू, बंद किंवा बदललं हे लिहायचं, कारण माहीत असेल तर तेही.

सर्वांत जास्त चुका दुसऱ्या रकान्यात होतात. चिठ्ठीवर बहुतेक वेळा कंपनीचं नाव असतं, आणि एकच घटक अनेक नावांनी विकला जातो. म्हणून स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात छापलेला घटक वाचा आणि तो मिलिग्रॅमसह उतरवा. नावापुढे 'एएम', 'एच' किंवा 'एम' अशी अक्षरं असली तर त्या गोळीत बहुधा दोन घटक असतात. ते एकाच ओळीत, पण वेगवेगळे लिहा. इन्सुलिन असेल तर युनिटबरोबर बाटली ४० ची की पेन १०० चं, हेही नोंदवा, कारण दोन्हींतल्या औषधाची तीव्रता वेगळी असते.

हे लिहिल्याने काय दिसतं, ते एका नमुना तक्त्यावरून पाहू. रुग्ण ६८ वर्षांच्या आजी, त्रास रक्तदाबाचा.

मार्च २०२२: अॅम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ., सकाळी एक, घरच्या डॉक्टरांकडून. चालू.
नोव्हेंबर २०२२: टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५ यांची एकत्र गोळी, सकाळी एक, हृदयरोगतज्ज्ञांकडून. चालू.
जानेवारी २०२३: दोन्ही घोट्यांना सूज.
फेब्रुवारी २०२३: फ्युरोसेमाइड ४० मि.ग्रॅ., सकाळी एक, सुजेसाठी, तिसऱ्या डॉक्टरांकडून. चालू.

नोव्हेंबरची गोळी बहुधा जुनीच्या जागी दिली होती, पण जुनी बंद करा असं चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं आणि घरात दोन्ही चालू राहिल्या. म्हणजे रोज अॅम्लोडिपिन १० मि.ग्रॅ. पोटात जात होतं. प्रमाण वाढलं की या औषधाने पाय सुजण्याची शक्यताही वाढते. कंपन्यांची नावं वेगळी असल्यामुळे सुट्या चिठ्ठ्या पाहून हे कोणाच्या लक्षात आलं नाही. घटक आणि तारखा एकाखाली एक आल्यावर लगेच दिसतं. म्हणूनच सूज, खोकला, चक्कर, पडणं यांनाही तक्त्यात औषधांसारखीच तारखेची ओळ द्या. मात्र असं काही सापडलं तरी गोळी स्वतःहून बंद करू नका. ती ओळ अधोरेखित करा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

चिठ्ठीवर लिहिलेलं आणि प्रत्यक्षात घेतलेलं यांत फरक असतो, तो बिलांवरून पकडता येतो. रोज एक गोळी असताना ३० गोळ्या ५ मार्चला घेतल्या आणि पुढचं बिल २० एप्रिलचं निघालं, तर मध्ये ४६ दिवस गेले. आधीच्या गोळ्या उरल्या नसतील आणि दुसऱ्या दुकानातून काही आणलं नसेल, तर सोळाएक दिवस गोळी चुकली. ते तसंच लिहा. नाहीतर गोळीने रक्तदाब उतरत नाही असं समजून डॉक्टर डोस वाढवतील.

चिठ्ठीत न येणाऱ्या गोष्टींसाठी खाली वेगळी जागा ठेवा: डोळ्यांचे थेंब, इन्हेलर, मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामकं, कॅल्शियम, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णं. काचबिंदूचे टिमोलॉल थेंब दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरू शकतात. कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी एकाच वेळी घेतली तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही.

पानाच्या सर्वांत वर, ठळक अक्षरात, कोणत्या औषधाची अॅलर्जी आली आणि नेमकं काय झालं ते लिहा. "पेनिसिलिन चालत नाही" एवढं पुरत नाही. अंगावर पुरळ आलं, की घसा सुजून श्वास अडकला, हे डॉक्टरांना हवं असतं. त्याखाली आज चालू असलेली औषधं, मग तारखांची यादी. न वाचता आलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवा आणि ती मूळ चिठ्ठी सोबत न्या. तक्त्यावर तो केल्याची तारीख टाका, दोन प्रती काढा आणि सध्याच्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत भरून बरोबर घ्या.