शब्दांकनाचं काम घेताय? आधी रेकॉर्डिंग नीट करा, मग लिहा

ठाण्यात सध्या बरेच रिटायर्ड लोक स्वतःच्या आठवणींचं पुस्तक करायचं म्हणतात, पण हाताने लिहायचा कंटाळा, म्हणून ते बोलतात आणि आपण लिहून द्यायचं. मी हे काम करतो, नवीन मुलं विचारतात म्हणून एका चालू पुस्तकाचंच उदाहरण देतो. नौपाड्यातले एक काका, सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये लेथवर.

समोर बसून थेट व्हॉइस टायपिंग लावू नका. स्क्रीनवर चुकीचे शब्द उमटताना दिसले की बोलणारा मधेच थांबून दुरुस्त करायला लागतो आणि गोष्ट तिथेच मरते. फोनवर नुसतं रेकॉर्ड करा. फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून एक वीतभर लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे प, फ, भ ला हवेचा फटका माइकवर बसत नाही. पंखा बंद. उकडतं हो, म्हणून सकाळी लवकर बसायचं, कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आधी. एका फाइलमध्ये एकच विषय, साधारण वीस मिनिटं, आणि सुरुवातीलाच गावांची, माणसांची, मशीनची नावं सावकाश एकदा बोलून घ्यायची. चुकलं तर काकांना सांगितलंय, टाळी वाजवा आणि वाक्य परत बोला. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती टाळी उंच सुळक्यासारखी दिसते, शोधावी लागत नाही.

रेकॉर्डिंगमधून मजकूर काढायला मी व्हिस्पर हे सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे आणि आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, त्यामुळे कोणाच्या घरातलं बोलणं बाहेर जात नाही.

```
whisper 03_strike.m4a --language Marathi --model medium
```

भाषा सांगायचीच. नाही सांगितली तर ते पहिल्या तीस सेकंदांवरून स्वतः ठरवतं, आणि काकांनी सुरुवातच "अरे यार, क्या बताऊं" अशी केली तर अख्खी फाइल हिंदी धरून बसू शकतं. मोठं मॉडेल जास्त बरोबर लिहितं पण त्याला भारी ग्राफिक्स कार्ड लागतं. दुसरी गंमत म्हणजे शांतता. काका आठवत बसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत की ते कधीकधी मागचंच वाक्य पुन्हा पुन्हा लिहितं, किंवा कोणी न बोललेलं काहीतरी घुसडतं. एकच ओळ तीन-चारदा दिसली की तिथला ऑडिओ ऐकायचा. ऑडॅसिटीत ट्रंकेट सायलेन्सने लांब शांतता कापून मगच फाइल दिली तर हा त्रास कमी होतो.

आता खरं काम. कच्चा मजकूर असा आला होता:

"मग काय झालं की त्या दिवशी सेकंड शिफ्ट नाही नाही फर्स्ट शिफ्ट होती तो सुपरवायझर आला आणि म्हणाला लेट वरचं काम सोड म्हटलं का तर म्हणाला स्ट्राइक"

"लेट" हा शब्द अस्तित्वात आहे, म्हणून स्पेलचेक गप्प बसतो, तो लेथ आहे हे कानानेच कळतं. म्हणून पहिला हात ऑडिओ ऐकतच मारायचा आणि त्यात फक्त शब्द बरोबर करायचे, वाक्यं सुधारायची नाहीत. "वरचं" सुटं आलंय ते जोडायचं, पण सुटा "वर" फाइंड-रिप्लेसने सरसकट जोडू नका, नाहीतर "आम्ही वर गेलो" चं "आम्हीवर गेलो" होतं.

दुसरा हात ऑडिओ बंद करून:

"त्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट होती. सुपरवायझर आला आणि म्हणाला, 'लेथवरचं काम सोड.' म्हटलं, 'का?' तर म्हणाला, 'स्ट्राइक.'"

स्वतःला दुरुस्त केलेलं असेल तर शेवटचंच ठेवायचं. "मग काय झालं की" काढलं, पण "म्हटलं" आणि "तर म्हणाला" ठेवलं कारण काका तसेच बोलतात. "झालं, केलं" चं "झाले, केले" करायचं का हे पहिल्या प्रकरणातच ठरवा आणि पुस्तकभर तेच ठेवा. मी तरी निवेदनात अनुस्वारच ठेवतो, नाहीतर काका एकदम सरकारी परिपत्रकासारखे वाटायला लागतात.

स्ट्राइकची गोष्ट त्यांनी तीन फाइल्समध्ये सांगितली आणि प्रत्येकात साल वेगळं. अशा वेळी सगळ्यात भरलेली आवृत्ती पाया धरायची, बाकीच्यांतले तपशील त्यात बसवायचे आणि सालाजवळ [तपासा] लिहून पुढे जायचं, आपल्या अंदाजाने साल घालायचं नाही. काका घरात जुनी पगाराची स्लिप शोधतात, त्यावरून ठरतं.

एका तासाच्या रेकॉर्डिंगला हे सगळं धरून पाच-सहा तास सहज जातात, तेव्हा पैसे ठरवताना रेकॉर्डिंगचा तास धरू नका. कच्ची, तपासलेली आणि सुधारलेली अशा तीन फाइल्स वेगळ्या ठेवा, "मी असं बोललोच नव्हतो" हे वाक्य ऐकावं लागतंच. प्रकरण झालं की मी मोठ्या अक्षरात, रुंद समास ठेवून प्रिंट देतो आणि काकांना मोठ्याने वाचायला लावतो. जिथे ते अडखळतात ते वाक्य बहुतेक वेळा माझं असतं, त्यावर पेन्सिलने खूण करतो आणि ते परत त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये जाऊन बघतो.