३.३ आणि ५ व्होल्टची जोडणी: लेव्हल शिफ्टिंग करताना या चुका टाळा

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय हे घरात बसून दाखवणारा जुगाड अनेक जण करतात. सामान ठरलेलं: एक ESP32, अंतर मोजायला HC-SR04, आणि आकडा दाखवायला मागे आय-टू-सी पट्टी लावलेला १६ बाय २ चा एलसीडी. सेन्सर आणि एलसीडी दोघांनाही ५ व्होल्ट लागतात, ESP32 मात्र ३.३ व्होल्टवर चालतो. या एकाच प्रोजेक्टमध्ये लेव्हल शिफ्टिंगच्या बहुतेक सगळ्या चुका करता येतात. मी केल्यात. माझ्या ड्रॉवरमध्ये अजून एक ESP32 पडलाय, ज्याची १८ नंबरची पिन काहीही केलं तरी शून्यच वाचते.

आधी दोन आकडे लक्षात ठेवू. ESP32 च्या डेटाशीटप्रमाणे पिनवर पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्ट जास्त चालतात, म्हणजे साधारण ३.६ व्होल्ट. त्यावर पिनची हमी नाही. आणि पिनला ‘हाय’ वाटायला पुरवठ्याच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे २.५ व्होल्ट तरी लागतात. तेव्हा सेन्सरकडून येणारा ‘हाय’ २.५ ते ३.६ च्या मध्ये बसवायचा, एवढंच आपलं काम.

‘चालतंय की!’ आणि मल्टिमीटरची फसवणूक

HC-SR04 ची इको पिन थेट ESP32 ला जोडली तर बहुतेक वेळा चालते. अंतर बरोबर येतं, टेबलावर हात पुढेमागे केला की आकडा बदलतो. मग लेव्हल शिफ्टिंग हा फुकटचा बाऊ वाटायला लागतो. पिन पहिल्याच मिनिटाला जळली असती तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं. ती कधी आठवड्याने जाते, कधी महिन्याने, आणि तोवर आपण दोष प्रोग्रामला देत असतो.

त्यात कुणीतरी मल्टिमीटर लावून बघतो. इको पिनवर दिसतात जेमतेम ०.०६ व्होल्ट. ‘बघ, कुठे आहेत पाच व्होल्ट?’ आहेत, पण क्षणभरच. समजा समोरची वस्तू एक मीटरवर आहे. इको सेंटिमीटरमागे साधारण ५८ मायक्रोसेकंद हाय राहतो, म्हणजे इथे ५.८ मिलिसेकंद. आपण सेकंदाला दोनदा मोजत असू तर दर ५०० मिलिसेकंदांत फक्त ५.८ मिलिसेकंद पाच व्होल्ट, बाकी वेळ शून्य. मीटर दाखवतो सरासरी:

```
5 V x 5.8 / 500 = 0.058 V
```

पल्सची उंची बघायला ऑसिलोस्कोप लागतो. तो नसेल तर सेन्सरचा पल्स मोजायच्या भानगडीत न पडता आपली जोडणीच स्थिर व्होल्टेज देऊन तपासायची. ती कशी, ते पुढच्याच चुकीत येतं.

दोन रेझिस्टर, पण उलटे

इको ही एकाच दिशेची वायर आहे. सेन्सर बोलतो, ESP32 ऐकतो. इथे दोन रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर पुरतो, महागडं काही लागत नाही. इकोपासून १ के, तिथून ग्राउंडला २ के, आणि दोघांच्या मधल्या बिंदूवरून ESP32. पाचाचे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३ व्होल्ट.

२ के सहज मिळत नाही म्हणून २.२ के लावतात. तेव्हा ३.४४ व्होल्ट येतात. चालतं, पण चार्जर ५.२ देत असेल तर ३.६ च्या उंबरठ्यावरच आपण उभे असतो. त्यापेक्षा एकाच पाकिटातले १ के चे तीन रेझिस्टर घ्या आणि खालच्या बाजूला दोन एकामागे एक जोडा. गोंधळाला जागाच नाही.

गोंधळ होतो तो असा. २ के वर आणि १ के खाली लागला की मधल्या बिंदूवर येतात १.६७ व्होल्ट. हे ESP32 च्या दृष्टीने ना हाय, ना लो. कधी पल्स ओळखला जातो, कधी नाही. सीरियल मॉनिटरवर चार आकडे बरोबर, मग दोन शून्यं, मग पुन्हा एक बरोबर. `pulseIn` ला ठरावीक वेळात पल्स सापडला नाही की तो 0 परत देतो, म्हणून अंतराऐवजी कच्चा वेळच छापून बघा:

```
digitalWrite(TRIG, HIGH);
delayMicroseconds(10);
digitalWrite(TRIG, LOW);
unsigned long t = pulseIn(ECHO, HIGH, 30000);
Serial.println(t);
```

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण तिच्यात सगळं उत्तम चालतं. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या पट्ट्या पुष्कळदा मध्ये तुटलेल्या असतात. खालच्या रेझिस्टरचा पाय ग्राउंडच्या पट्टीत दिसतो, पण त्या अर्ध्या भागाला ग्राउंड पोहोचलेलाच नसतो. डिव्हायडर उरतच नाही. इकोचे पाच व्होल्ट १ के मधून सरळ पिनपर्यंत येतात. आकडे अगदी बरोबर येत राहतात.

म्हणून क्रम ठेवा. सेन्सरची इको आणि ESP32 ची पिन दोन्ही सोडवून ठेवायच्या. डिव्हायडरच्या वरच्या टोकाला ५ व्होल्टची वायर लावायची आणि मधल्या बिंदूवर मल्टिमीटर. ३.३ च्या आसपास दिसलं तर ठीक. १.७ दिसलं तर रेझिस्टर उलटे, ५ दिसलं तर ग्राउंड गायब. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि ब्रेडबोर्डवर काही हलवलं की दरवेळी करावं.

ट्रिगर पिनचं काय? ती ESP32 कडून सेन्सरकडे जाते आणि HC-SR04 ला ३.३ व्होल्टचा ट्रिगर सहसा पुरतो. थेट जोडा. नवीन सेन्सर घेणार असाल तर HC-SR04P घ्या. तो ३.३ व्होल्टवरही चालतो, त्याला पुरवठाच ३.३ दिला की इकोही तेवढाच येतो आणि वरचं सगळं वाचायची गरज राहत नाही.

तोच डिव्हायडर आय-टू-सीवर

इको जमला की तीच युक्ती एलसीडीच्या SDA आणि SCL वर लावायचा मोह होतो. इथे ती चालत नाही, आणि कारण फक्त व्होल्टेजचं नाही. आय-टू-सीमध्ये कुणीही वायर वर ढकलत नाही. वर ओढायचं काम पुल-अप रेझिस्टरचं. चिप फक्त खाली खेचतात. आणि SDA वर दोन्ही बाजू आळीपाळीने खेचतात.

एलसीडीच्या मागच्या पट्टीवर PCF8574 चिप असते आणि तिचे पुल-अप बहुधा ४.७ के चे, थेट ५ व्होल्टला. आता आपला १ के आणि २ के चा डिव्हायडर जोडला की वायर मोकळी असतानाही ५ व्होल्टपासून ग्राउंडपर्यंत ४.७ के, १ के, २ के अशी साखळी तयार होते. एलसीडीच्या बाजूला किती उरतात बघा:

```
5 V x 3 / 7.7 = 1.95 V
```

PCF8574 ला ५ व्होल्टवर हाय वाटायला ३.५ व्होल्ट लागतात. म्हणजे ही वायर कधीच हाय होत नाही. स्कॅनर चालवला की `No I2C devices found`. मग माणूस पत्ता 0x27 आहे की 0x3F यावर संध्याकाळ घालवतो. पत्त्याचा इथे काही दोष नाही. SDA वर मल्टिमीटर लावा. वायर मोकळी असताना ती स्थिर हायच असायला हवी, त्यामुळे इथे मीटर खोटं बोलत नाही.

योग्य मॉड्यूल, चुकीची बाजू

या वायरसाठी हवं ते BSS138 मॉसफेटवालं चार चॅनलचं छोटं मॉड्यूल. प्रत्येक चॅनलला एक मॉसफेट आणि दोन्ही बाजूंना १० के चे पुल-अप. मॉसफेटचं गेट ३.३ व्होल्टला बांधलेलं असतं. कोणतीही बाजू खाली खेचली की मॉसफेट चालू होऊन दुसरी बाजूही खाली येते. सोडली की प्रत्येक बाजू आपापल्या पुल-अपने आपापल्या व्होल्टेजला जाते. BSS138 ऐवजी घरात पडलेला 2N7000 लावू नका. त्याचा एखादा नग चालू व्हायलाच ३ व्होल्टपर्यंत मागू शकतो आणि ३.३ वर त्याचा भरवसा नाही.

LV ला ३.३, HV ला ५, आणि ग्राउंड सगळ्यांचं एकच. सगळ्यात महाग पडते ती LV-HV ची अदलाबदल, आणि मॉड्यूल पालथं करून ब्रेडबोर्डमध्ये खोचलं की ती सहज होते. मग मॉसफेटमधला अंगभूत डायोड ५ व्होल्टच्या बाजूकडून ३.३ च्या बाजूला रस्ता देतो. एलसीडीचे ४.७ के चे पुल-अपही सोबत असतील तर ESP32 कडच्या वायरवर ४ व्होल्टच्या वर चढतात.

तपासणी पुन्हा तशीच. एलसीडी जोडा, पुरवठा द्या, पण SDA आणि SCL अजून ESP32 ला लावू नका. मॉड्यूलच्या LV बाजूच्या दोन्ही पिनवर ३.३ दिसायला हवेत आणि HV बाजूला ५. मग LV बाजूची एक वायर १ के मधून क्षणभर ग्राउंडला टेकवा. HV बाजूही खाली यायला हवी. ती पाचवरच राहिली तर LV ला पुरवठा पोहोचलेला नाही किंवा सोल्डरचा एखादा डाग सुटलाय.

एक जवळचं नाव मात्र लक्षात ठेवा. TXB0108 चं आठ चॅनलचं मॉड्यूल ‘आपोआप दिशा ओळखतं’ म्हणून विकलं जातं आणि लोक ते आय-टू-सीवर लावतात. त्याचं आउटपुट मुद्दाम दुबळं ठेवलंय, जणू आत ४ के चा रेझिस्टर असावा. समोर ४.७ के चा पुल-अप आला की ‘लो’ सुद्धा २.३ व्होल्टवर अडकतो, आणि PCF8574 ला लो समजायला १.५ च्या खाली यावं लागतं. एसपीआयसारख्या एका दिशेच्या वायरींना ते ठीक आहे, आय-टू-सीला नाही.

गच्चीपासून घरापर्यंतची केबल

डिव्हायडर सेन्सरपाशी लावायचा की ESP32 पाशी? ESP32 पाशी. केबलवर पूर्ण पाच व्होल्टचा पल्स जाऊ द्या, वाटेत मिसळणारा गोंगाटही शेवटी एक तृतीयांशाने कमी होतो. एलसीडी मात्र ESP32 च्या शेजारीच हवा. आय-टू-सीला वायरची एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडपर्यंतच चालते. नेटवर्कची केबल मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड खाते, त्यामुळे आठ मीटरमध्येच हिशेब संपतो, मग मधलं शिफ्टर कितीही चांगलं असो.