ऑफिसमधली ती सिंगल आहे का, हे आधी कसं ओळखायचं

मंगळसूत्र नाही म्हणजे लग्न झालेलं नाही असं धरू नका, ऑफिसला न घालणाऱ्या कितीतरी जणी आहेत, आणि बोटातली अंगठी साखरपुड्याचीच असेल असंही नाही. इन्स्टावर कोणाचा फोटो नाही यावरूनही काही कळत नाही, कारण घरचे फॉलो करतात म्हणून बरेच जण पार्टनरला तिथे दाखवतच नाहीत.

त्यापेक्षा असा साधा प्रश्न विचारा की जोडीदार असेल तर तो उत्तरात आपोआप येईल. समजा लाँग वीकेंड आहे, तर "कुठे जाणार का?" एवढंच विचारायचं. ती म्हणाली "आम्ही अलिबागला चाललोय", तर लगेच निराश होऊ नका, हे "आम्ही" म्हणजे रूममेट्सही असू शकतात, म्हणून सहज "अरे वा, कोण कोण?" विचारा. कोणी असेल तर बहुतेक वेळा इथेच नाव येतं. ती विषय बदलत असेल तर मात्र पुढे खोदू नका.

आपल्याकडे अजून एक मधली स्टेज असते. "घरचे स्थळं बघतायत" म्हणजे अजून काही ठरलेलं नाही, पण "बोलणी चालू आहेत" किंवा सुपारी फुटलीय असं कळलं तर तिथेच थांबा.

तरीही कळलं नाही तर चारचौघांत चौकशी करू नका, संध्याकाळपर्यंत अख्ख्या फ्लोअरला कळतं आणि त्रास तिला होतो. एकटी असताना सरळ विचारा, "तू कोणाला डेट करतेयस का?" ती "हो" म्हणाली की ते खरं की टाळण्यासाठी, हे तपासत बसू नका, दोन्हीचा अर्थ नाहीच होतो.