सेवा करार आणि शुल्क परिशिष्ट: सहीपूर्वी रकमांची तयारी

सेवा कराराचा मसुदा बहुधा वकिलाकडून येतो आणि शुल्काचे परिशिष्ट लेखा विभागाच्या एक्सेलमधून. म्हणूनच करारात ‘रु. १० लाख’, परिशिष्टात ‘INR 1,000,000’ आणि देयकाच्या नमुन्यात ‘Rs. 10,00,000/-’ अशी एकच रक्कम तीन वेशांत भेटते. दोन्ही कागद एकत्र जोडण्याआधीच ही तयारी करून घ्यावी.

पहिले काम चलन ठरवण्याचे. दोन्ही पक्ष भारतातले असतील तर ‘₹’ पुरेसे आहे. फक्त व्याख्यांच्या कलमात ‘या करारात व परिशिष्टात ₹ म्हणजे भारतीय रुपया’ असे एक वाक्य हवे. समोरचा पक्ष परदेशी असेल तर मी `INR` हाच संकेत वापरावा असे म्हणेन. नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान, मॉरिशस इथेही चलन रुपयाच आहे आणि नुसत्या ‘Rs.’ वरून देश कळत नाही. एकदा निवडलेले चिन्ह दोन्ही कागदांत तेच राहिले पाहिजे. ₹ हे चिन्ह २०१० साली आले. सुरुवातीच्या काही फाँटमध्ये ते ` या कळीवर बसवलेले होते, त्यामुळे तेव्हाचा नमुना आज उघडला की रकमेआधी नुसता ` दिसू शकतो. पीडीएफ काढल्यावर प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे.

मग अंकांची मांडणी. स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने द्यायचे, म्हणजे 10,00,000. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. तक्त्यात ‘12,5000’ असे छापले गेले तर ते साडेबारा हजार की सव्वा लाख, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. सगळीकडे एकच पद्धत असेल तर चुकलेला स्वल्पविराम लगेच खटकतो. मिलियन आणि लाख एकत्र नांदत असतील तर नजर सरावते आणि चूक निसटते. एक्सेलमध्ये हे स्वरूप सेलला देता येते:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

ऋण रकमांना मात्र हे लागू पडत नाही, त्यामुळे सवलतीचा रकाना हाताने तपासावा. पैसे दाखवायचे नसतील तर ‘/-’ चालते, दाखवायचे असतील तर ‘.00’. ‘10,00,000.00/-’ असे दोन्ही एकदम नको.

आता रक्कम नेमकी कुठे लिहायची. माझे ठाम मत असे की प्रत्येक रक्कम एकाच जागी असावी, परिशिष्टात, आणि करारातल्या कलमाने ‘परिशिष्टात नमूद केलेले शुल्क’ एवढेच म्हणावे. वाटाघाटीत आकडा बदलला की एकीकडे दुरुस्ती होते आणि दुसरीकडे जुना आकडा तसाच राहतो. भांडणे तिथूनच सुरू होतात. तरीही करारात रक्कम लिहायचीच असेल तर अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहावी: ‘₹ 10,00,000 (अक्षरी रुपये दहा लाख फक्त)’. अंकी-अक्षरीत तफावत आढळल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य, आणि करार व परिशिष्टात विरोध असल्यास कोणता कागद वरचढ, हे कलमात स्पष्ट लिहून ठेवावे.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो जीएसटीच्या ओळीला. समजा, वर्षाचे शुल्क ₹ 10,00,000 आहे आणि दर १८ टक्के आहे. कर वेगळा असेल तर देयक ₹ 11,80,000 चे होईल. रक्कम करासहित असेल तर मूळ शुल्क 10,00,000 भागिले 1.18, म्हणजे ₹ 8,47,457.63 उरते. ‘शुल्क ₹ 10,00,000’ एवढ्याच शब्दांतून दोन्ही अर्थ निघतात. म्हणून तक्त्यात ‘मूळ शुल्क’, ‘जीएसटी’ आणि ‘एकूण’ असे तीन रकाने ठेवावेत आणि करारात ‘शुल्क’ म्हणजे यांतला कोणता रकाना, ते सांगावे. टीडीएसही बिघडत नाही, कारण जीएसटी वेगळा दाखवलेला असला की कपात त्याशिवायच्या रकमेवर होते.

हप्ते असतील तर बेरीज करून पाहावी. याच दहा लाखांचे तीन समान हप्ते ₹ 3,33,333.33 चे होतात आणि बेरजेत एक पैसा कमी पडतो. त्याऐवजी 3,33,333 चे दोन आणि 3,33,334 चा शेवटचा, असे सरळ आकडे लिहावेत.

शेवटी शोध. दोन्ही फायलींत `Rs`, `INR`, ‘रु.’, ‘रू.’, ‘लाख’, ‘लक्ष’ आणि `million` हे एकेक करून शोधावे. ‘रु’ आणि ‘रू’ वेगवेगळे शोधावे लागतात, हे विसरले जाते. अंक देवनागरी की इंग्रजी, तेही एकच ठेवावे, नाहीतर 10,00,000 शोधताना १०,००,००० सापडत नाही. वर्डमध्ये ₹ आणि आकडा यांच्यामध्ये `Ctrl+Shift+Space` ने जागा सोडली की ओळ संपताना चिन्ह वर आणि रक्कम खाली असे होत नाही.