दहाच्या क्रेटमध्ये नऊच कास्टिंग

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्ट करायचा होता. मित्राच्या काकांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. तिथं क्रेटमध्ये कधी दहा, कधी बारा, कधी सहा कास्टिंग भरतात. ही संख्या स्विचवर ठरवता येईल असा काउंटर करू म्हटलं.

रचना सोपी होती. ७४१६३ हा चार बिटांचा काउंटर, ७४८५ हा कंपॅरेटर आणि चार डिप स्विच. सेन्सरसमोरून कास्टिंग गेलं की पल्स येतो, तोच काउंटरचा क्लॉक. कंपॅरेटरच्या एका बाजूला काउंटरचे चार आउटपुट आणि दुसऱ्या बाजूला स्विचच्या चार लाइन. दोन्ही समान झाले की ‘समान’ हा आउटपुट १ होतो. काउंटरला शून्यावर आणणाऱ्या क्लिअर पिनला मात्र शून्य लागतं, म्हणून मध्ये १ चं ० करणारा एक इन्व्हर्टर.

पहिली ठेच स्विचवरच लागली. प्रत्येक लाइन दहा किलोओहमच्या रेझिस्टरनं ग्राउंडला ओढली होती आणि स्विच दाबला की पाच व्होल्ट. स्विच बंद असूनही लाइनवर सव्वा व्होल्टच्या आसपास दिसायचे, आणि कंपॅरेटर ते १ धरायचा. एलएस जातीच्या आयसीच्या इनपुटमधून थोडा करंट बाहेर येतो. तो दहा किलोओहममधून गेला की लाइन ०.८ व्होल्टच्या खाली उतरतच नाही, आणि शून्य म्हणायला तेवढं उतरावंच लागतं. रेझिस्टर पाच व्होल्टकडे आणि स्विच ग्राउंडकडे असं उलटं जोडल्यावर आकडे जागेवर आले. ७४८५ ची तीन नंबरची पिनही पाच व्होल्टला बांधा. मागच्या कंपॅरेटरकडून ‘इथवर समान’ असा निरोप येण्याची ती जागा आहे. मागं दुसरा आयसी नसला तरी तो निरोप लागतोच.

खरी गंमत पुढं. दहाच्या क्रेटसाठी स्विचवर ९ लावला. काउंटर ० ते ९ असे दहा आकडे मोजणार, दहाव्या कास्टिंगला परत शून्य होणार आणि क्रेट भरल्याची खूण मिळणार. म्हणजे हव्या त्या संख्येतून एक वजा करून स्विच लावायचे. पण एलईडीवर ८ नंतर थेट ०! नवाव्या कास्टिंगलाच क्रेट ‘भरला’. मी कागदावर तीनदा मोजलं, मग वैतागून १० लावून बघितलं. जमल्यासारखं वाटलं, पण मध्येच कधीतरी काउंटर शून्याऐवजी भलत्याच आकड्यावर जायचा.

लॅबमधल्या मामांनी भिंग घेऊन आयसीकडं बघितलं. “आरं, ह्ये १६१ हाय की. १६३ कुठं हाय?”

दुकानदारानं दिलेला आयसी मी वाचलाच नव्हता. दोघांच्या पिना अगदी सारख्या, फरक फक्त क्लिअरचा. १६३ चा क्लिअर पुढच्या क्लॉकची वाट बघतो, त्यामुळं ९ पूर्ण एक पल्स टिकतो. १६१ चा क्लिअर क्लॉकला विचारतच नाही. ९ उमटला की काही नॅनोसेकंदांत शून्य, डोळ्याला दिसणारच नाही. शिवाय हा क्लिअर स्वतःचाच गळा दाबतो. १०, म्हणजे १०१०, यातला एक बिट आधी शून्य झाला की ‘समान’ संपतं आणि क्लिअर उठतो. दुसरा बिट तोवर पडला नसेल, तर काउंटर ८ किंवा २ वर अडकतो. त्यामुळं आकडा एकानं वाढवून १६१ वर भागवू नका. १६३ बसवला, स्विच परत ९ वर आणला आणि दहाला दहा जुळले.

मग काकांनी विचारलं, “मोजणी चालू असताना ऑर्डर बदलली तर?”

करून बघितलं. स्विचवर ११, म्हणजे बाराचा क्रेट. आठ कास्टिंग झाल्यावर स्विच ५ वर आणला. काउंटर ८ वर आहे, ५ मागं राहून गेला, आता ‘समान’ होणार कुठून? तो ९, १० करत १५ पर्यंत गेला आणि आपसूक शून्यावर आला. सहाच्या क्रेटमध्ये सोळा कास्टिंग.

इथं ७४८५ चाच दुसरा आउटपुट कामी आला. काउंटरच्या लाइन ए बाजूला आणि स्विचच्या बी बाजूला असतील, तर सात नंबरची पिन ‘ए लहान’ सांगते. मोजणी मर्यादेच्या आत असेपर्यंत ती १ असते, मर्यादा गाठली किंवा ओलांडली की ०. क्लिअरला नेमकं तेच हवं, म्हणून इन्व्हर्टरही काढून टाकला. आता आठवर असताना ५ लावला, तर पुढच्याच कास्टिंगला काउंटर शून्य होतो. तरी त्या क्रेटमध्ये नऊ गेलेलेच असतात. ते तीन जास्तीचे कोण काढणार, हे सर्किट सांगत नाही. काकांनी त्यावर साधा नियम केला: क्रेट रिकामा असतानाच स्विचला हात लावायचा.